‘वािषर्क’ आणि ‘कायार्लय’: चूक शुद्धलेखनाची की क्रमाची?

प्रश्न: ठाण्यात घोडबंदर रोडला आमची सोसायटी आहे. पंचवीस वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढतोय. टायपिंग एका ताईंनी घरून युनिकोडमध्ये करून दिलं. छपाईवाल्याकडून प्रूफ आलं तर पानोपानी ‘वािषर्क’, ‘कायार्लय’, ‘िशक्षक’, ‘करणार्या’, ‘आॅक्टोबर’, ‘आशिर्वाद’! ताई म्हणतात माझ्या फाइलमध्ये सगळं बरोबर आहे. छपाईवाला म्हणतो आम्ही मजकुराला हात लावत नाही. बारा पानं लाल पेनाने सुधारून बसलोय, अठ्ठेचाळीस बाकी आहेत. पैसे कुणाचे कापायचे?

उत्तर:

पेन खाली ठेवा आणि पैसे कुणाचेच कापू नका. तुम्ही दिलेल्या सहा शब्दांपैकी पाच शब्दांचा शुद्धलेखनाशी काही संबंध नाही. पहिल्या तिघांना एकच रोग आहे, चौथ्याला दुसरा, पाचव्याला तिसरा. सहावा मात्र खरोखर चुकलाय, त्याच्याकडे शेवटी येतो. मी नौपाड्यात सव्वीस वर्षं मराठी पानं लावतोय आणि दर दिवाळीच्या आधी हाच वाद माझ्या टेबलावर येतो. त्यात बहुतेक वेळा ताई आणि छपाईवाला दोघंही खरं बोलत असतात. तुमच्याकडेही तेच दिसतंय.

आधी एक छोटा प्रयोग करा. संगणकावर नोटपॅड उघडा, ‘वार्षिक’ असं नीट टाइप करा आणि शब्दाच्या शेवटी कर्सर ठेवून बॅकस्पेस एकेकदा दाबत जा. पहिल्यांदा ‘क’ जाईल. दुसऱ्यांदा ‘ष’ जाणार नाही, फक्त त्याची वेलांटी जाईल आणि ‘वार्ष’ उरेल. तिसऱ्यांदा ‘ष’ गेला की त्याच्या डोक्यावरचा रफार नाहीसा होऊन ‘वार्’ असा पाय मोडलेला ‘र’ समोर येईल. मग पाय जाईल, मग ‘र’, मग काना, शेवटी ‘व’. एकूण सात वेळा बॅकस्पेस.

संगणकाने तो शब्द कसा साठवला होता हे तुम्ही नुकतंच उलट्या बाजूने पाहिलंत. व, काना, र, हलन्त, ष, वेलांटी, क. आपण उच्चार करतो त्याच क्रमाने. वेलांटी कागदावर ‘ष’च्या डावीकडे दिसते, पण साठवणीत ती ‘ष’च्या नंतर असते, कारण आपण आधी ‘ष्’ म्हणतो आणि मग ‘इ’. रफार कागदावर ‘ष’च्या डोक्यावर, म्हणजे लिहिताना ‘ष’ काढून झाल्यावर येतो, पण साठवणीत तो ‘ष’च्या आधी असतो, कारण ‘र्’ आधी उच्चारतो. साठवलेला हा क्रम वाचून वेलांटी डावीकडे सरकवायची, ‘र्’ला रफार करून वर चढवायचं, जोडाक्षरं जोडायची, हे सगळं पडद्यावर दाखवणारं सॉफ्टवेअर फॉन्टच्या मदतीने प्रत्येक वेळी नव्याने करतं.

म्हणजे एकाच शब्दाचे दोन क्रम असतात. एक साठवणीचा, एक दिसण्याचा. आणि मराठीत हे दोन क्रम फक्त दोन खुणांच्या बाबतीत वेगळे पडतात: ऱ्हस्व वेलांटी आणि रफार. काना, दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार हे सगळे साठवणीतही अक्षरानंतर आणि कागदावरही अक्षरानंतरच काढले जातात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं निदान यावर उभं आहे.

आता तुमचा पहिला शब्द. शाळेत बेरीज मांडतात तसे दोन्ही शब्द एकाखाली एक मांडतो. समोरचे आकडे म्हणजे युनिकोडमधले त्या त्या अक्षराचे क्रमांक:

```
वार्षिक   0935 093E 0930 094D 0937 093F 0915
वािषर्क   0935 093E 093F 0937 0930 094D 0915
```

दोन्हीकडे सातच नग आहेत आणि तेच सात आहेत. एकही अक्षर गळलेलं नाही, एकही जास्तीचं नाही. फक्त `093F` म्हणजे वेलांटी ‘ष’च्या आधी जाऊन बसली आणि `0930 094D` म्हणजे ‘र्’ ‘ष’च्या नंतर गेला. खालच्या ओळीतला क्रम हा ‘वार्षिक’ शब्द कागदावर डावीकडून उजवीकडे जसा *काढला* जातो तो क्रम आहे. आता असा क्रम सॉफ्टवेअरला दिला की ते बिचारं नियमाने वागतं. वेलांटी कान्यानंतर आलेली पाहून ती कुणाला लावायची ते त्याला कळत नाही, म्हणून ते मध्ये टिपक्यांचं एक वर्तुळ काढतं. ‘र्’च्या पुढे ‘क’ दिसला म्हणून रफार ‘क’वर चढवतं. म्हणून रफार नेहमी एक घर उजवीकडे सरकलेला दिसतो. ‘कार्यालय’मध्ये तो ‘या’वरून उठून ‘ल’वर गेला. ‘वर्ष’ असा शब्द असेल तर पुढे चढायला अक्षरच नाही, मग ‘वषर्’ असा शेवटी लोंबकळतो. ‘सामर्थ्य’चं ‘सामथ्यर्’ होतं, ‘निर्मिती’चं ‘िनिमर्ती’. तुमच्या प्रूफात हे शब्द असतील तर असेच सापडतील, पाहून घ्या.

ते टिपक्यांचं वर्तुळ मजकुरात नसतं बरं का. बऱ्याच जणांना वाटतं ताईंच्या हातून काहीतरी जास्तीचं चिन्ह पडलंय, आणि ते खोडायला जातात. ते सॉफ्टवेअरने ‘इथे आधाराला अक्षर नाही’ हे सांगण्यासाठी काढलेलं असतं. खोडायला गेलात तर वेलांटी खोडली जाईल. आणि सगळी सॉफ्टवेअर ते काढत नाहीत. जिथे काढत नाहीत तिथे ‘िशक्षक’ हा बिघडलेला शब्द अगदी ‘शिक्षक’सारखाच दिसतो. डोळ्यांनी तपासणाऱ्याची इथेच फसगत होते.

मग हा काढण्याचा क्रम मजकुरात शिरला कुठून? तुमच्या बाबतीत मी पैज लावून सांगतो, पीडीएफमधून. ताईंनी वर्डची फाइल केली. कुणीतरी सुचवलं असेल की फॉन्ट बदलून मजकूर हलू नये म्हणून पीडीएफ पाठवा. ती पीडीएफ छपाईवाल्याच्या मुलाने उघडली, सगळं निवडलं, कॉपी केलं आणि आपल्या पानात पेस्ट केलं. तो म्हणतो हात लावला नाही, ते खरंच आहे, त्याने एक अक्षरही टाइप केलेलं नाही. पण पीडीएफ ही छापील पानाचा नकाशा असते. अमुक फॉन्टमधला अमुक आकार पानावर अमुक जागी ठेवा, अशा सूचनांची ती यादी. त्यात वेलांटीचा आकार ‘ष’च्या आकाराआधी ठेवलेला असतो आणि रफाराचा आकार नंतर, कारण पानावर ते तसेच बसतात. सोबत कोणता आकार म्हणजे कोणतं अक्षर याचा एक तक्ता असतो. कॉपी करताना पीडीएफ वाचणारं सॉफ्टवेअर आकार ठेवल्याच्या क्रमाने उचलतं, तक्त्यातून अक्षर शोधतं आणि ओळीने लावून देतं. साठवणीचा मूळ क्रम तिथे सहसा उरलेलाच नसतो. तीच पीडीएफ जशीच्या तशी छापली असती तर एकही चूक दिसली नसती.

हे पीडीएफचंच आहे, ताईंचं नाही, हे ओळखायचं कसं? प्रूफात ‘मराठी’, ‘पाणी’, ‘सोसायटी’, ‘मुलं’, ‘पूजा’ हे शब्द पाहा. सगळे ठीक असतील. दीर्घ वेलांटी, उकार कुठेच बिघडलेले नसतील. बिघडलेली असेल ती फक्त ऱ्हस्व वेलांटी आणि फक्त रफार, आणि ती मात्र जवळजवळ प्रत्येक ठिकाणी. माणूस असा चुकत नाही. माणसाला एखादा *शब्द* येत नसतो, तो तो शब्द चुकीचा लिहितो आणि शेजारचा बरोबर लिहितो. ‘र्’ असलेला प्रत्येक शब्द चुकवायचा आणि तोही एकच घर उजवीकडे, हे हाताने ठरवून करायला गेलं तरी जमणार नाही.

खात्री करायची असेल तर ताईंची मूळ वर्ड फाइल मागवा, ती उघडून शोधा-बॉक्समध्ये स्वतः ‘कार्यालय’ टाइप करा. सापडला तर मूळ साठवण बरोबर आहे, कारण शोध आकारांची तुलना करत नाही, क्रमांकांची करतो. मग हाच शोध छपाईवाल्याच्या फाइलमध्ये घ्या. तिथे ‘कार्यालय’ सापडणार नाही, ‘कायार्लय’ सापडेल. पाच मिनिटांत वाद मिटतो, आणि तेही दोघांसमोर बसून करता येतं.

आता लगेच तुमच्या मनात येईल की शोधा-आणि-बदला वापरून हे सुधारता येईल ना? छपाईवालाही तेच म्हणेल. येतं, पण एका अटीवर: संपूर्ण मजकूर त्याच एका वाटेने आलेला हवा आणि मध्ये कुणी हाताने दुरुस्ती केलेली नको. ‘अक्षर आणि त्याचा काना-मात्रा यांच्यानंतर र् आला तर तो त्यांच्याआधी न्या’ असा नियम लावला की ‘कायार्लय’चं ‘कार्यालय’ होतं. पण त्याच फाइलमध्ये कुणी आधीच बरोबर केलेला ‘तर्क’ असेल तर नियम त्याचं ‘र्तक’ करून ठेवतो. तुमच्या बारा पानांवरच्या दुरुस्त्या फाइलमध्ये घातल्या गेल्या असतील तर हीच गत होईल. वेलांटीचंही तसंच. ‘स्थिती’ पीडीएफमधून ‘िस्थती’ होऊन येते. वेलांटी एक अक्षर पुढे सरकवा असा साधा नियम लावला की ‘सि्थती’ होते, कारण वेलांटीला ‘स्थ’ हे पूर्ण जोडाक्षर ओलांडायचं असतं, एकटा ‘स’ नाही. प्रूफात ‘सि्थती’, ‘व्यकि्त’, ‘प्रसिदि्ध’ असलं काही दिसलं तर समजा कुणीतरी अर्धवट दुरुस्ती करून गेलंय. काही पीडीएफमध्ये तर जोडाक्षराच्या आकाराला तक्त्यात नोंदच नसते, मग ‘क्ष’ किंवा ‘त्र’ गायब होतो आणि तो कोणत्याही नियमाने परत येत नाही.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. छपाईवाल्याला मूळ वर्ड फाइल द्या, पानं मांडलेली तशीच राहू द्या आणि मजकूर पुन्हा ओतायला सांगा. साठ पानांच्या स्मरणिकेला एखादा दिवस लागेल. लाल पेनाने अठ्ठेचाळीस पानं सुधारण्यापेक्षा आणि त्या खुणा दुसऱ्याने टाइप करण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं. नवं प्रूफ आलं की नोटपॅड++ सारख्या एडिटरमध्ये मजकूर घेऊन, शोधताना रेग्युलर एक्स्प्रेशनचा पर्याय चालू करून हे तीन शोध घ्या:

```
(^|\s)ि
र्([\s.,;!?]|$)
ाॅ|आॅ
```

पहिला शब्दारंभी एकटी पडलेली वेलांटी शोधतो. दुसरा शब्दाच्या शेवटी लोंबणारा ‘र्’ शोधतो, आणि आजच्या मराठीत असा शब्दच नाही म्हटलं तरी चालेल. तिसऱ्याचं पुढे सांगतो. तिन्ही रिकामे आले म्हणजे फाइल शंभर टक्के शुद्ध असं मात्र नाही. ‘कायार्लय’मधला ‘र्ल’ ‘दुर्लक्ष’मध्येही असतो, त्यामुळे शब्दाच्या पोटात सरकलेला रफार यात पकडला जात नाही. पण पीडीएफच्या वाटेने आलेल्या मजकुरात पहिले दोन शोध रिकामे येणं जवळपास अशक्य आहे, तेवढ्यापुरती ही चाळणी पुरते.

जाता जाता, नेमका उलटा रोगही असतो आणि तो बहुधा तुमच्या मुखपृष्ठावर भेटेल. तिथे साठवण बरोबर असते, पण चित्रं करणाऱ्या सॉफ्टवेअरला मराठी मांडता येत नाही. मग ते साठवणीचाच क्रम कागदावर काढतं. ‘शिक्षक’मधली वेलांटी ‘श’नंतर उमटून ‘क’ची असल्यासारखी दिसते आणि ‘क्ष’चा ‘क्‌ष’ असा पाय मोडून ठेवलेला असतो. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत हे हमखास व्हायचं. तिथे `Preferences`मधल्या `Type` विभागात जाऊन दक्षिण आशियाई लिप्यांचं टेक्स्ट इंजिन निवडावं लागतं. इनडिझाइनमध्ये परिच्छेदासाठी `Adobe World-Ready Paragraph Composer` निवडावा लागतो. सेटिंग बदललं की न टाइप करता शब्द आपोआप सरळ होतात. ओळखायची खूण सोपी: तो शब्द तिथून कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. तिथे नीट दिसला तर मजकूर ठीक आहे, दोष दाखवणाऱ्याचा आहे. तिथेही वाकडा असेल तर मजकूरच वाकडा.

पण सेटिंग माहीत नसलं की डिझाइनर काय करतो, तर वेलांटी हाताने अक्षराच्या आधी टाइप करतो. पडद्यावर छान दिसतं, छापूनही छान येतं. हा उद्योग मी स्वतः केलाय. वाशीतल्या एका संस्थेचा फलक होता, रात्रीचे अकरा वाजलेले, सकाळी छपाईला द्यायचा. सगळ्या वेलांट्या एकेक करून पुढे ओढल्या. फलक सुंदर झाला. पुढच्या वर्षी त्याच फाइलमधला मजकूर त्यांनी संकेतस्थळावर टाकला आणि ओळीओळीत टिपक्यांची वर्तुळं. तेव्हा त्यांच्या कार्यवाहांनी विचारलं, “मागच्या वर्षी तर बरोबर होतं, या वर्षी बिघडलं कसं?” बिघडलं मागच्याच वर्षी होतं, फक्त दिसत नव्हतं. तेव्हापासून दिसणं सुधारण्यासाठी मी साठवणीला हात लावत नाही. तुमच्या छपाईवाल्यालाही तेवढं सांगा.

जुन्या फॉन्टचाही उल्लेख करायला हवा, कारण तुमच्या जुन्या अहवालांतले लेख घेतले असतील तर तिथूनही हेच दुखणं येतं. श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांचे युनिकोडपूर्व फॉन्ट अक्षरं नव्हे तर आकार साठवायचे, कागदावर काढतात त्या क्रमाने. ते युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरने क्रम उलटवून द्यायचा असतो. चांगला कन्व्हर्टर देतो, फुकटातला कधी देतो कधी नाही.

तुमचा पाचवा शब्द त्याच घराण्यातला आहे. ‘आॅक्टोबर’मध्ये ‘आ’ आणि वर स्वतंत्र चंद्र, असे दोन तुकडे आहेत. जुन्या फॉन्टमध्ये ‘ऑ’ असाच जोडून काढायचे. युनिकोडमध्ये ‘ऑ’ हे एकच अक्षर आहे, `0911`. तसंच ‘काॅलेज’मध्ये काना आणि चंद्र वेगळे आहेत, ‘कॉलेज’मध्ये `0949` ही एकच खूण आहे. कागदावर दोन्ही सारखेच दिसू शकतात, म्हणून हे वर्षानुवर्षं खपून जातं आणि मग शोध घेताना अर्धेच ‘ऑक्टोबर’ सापडतात. इथे मात्र शोधा-आणि-बदला बिनधास्त वापरा. ‘आॅ’ असे दोन तुकडे बरोबर मराठीत कुठेच लागत नाहीत, त्यामुळे बदलताना काही बरोबर असलेलं बिघडायची भीती नाही. वरचा तिसरा शोध याच्यासाठी होता. ‘अॅ’चंही तेच, तिथे `0972` हे ‘ॲ’ घाला. ते अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे फार जुन्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी चौकट दिसते. तसं झालं तर फॉन्ट बदला, अक्षर नाही.

राहिला ‘करणार्या’. हा मला सगळ्यात अवघड वाटतो, कारण इथे बिघाड अगदी शुद्धलेखनाच्या चुकीसारखाच दिसतो आणि कधी कधी ती खरीच चूक असते.

मराठीत ‘र्’ पुढे ‘य’ किंवा ‘ह’ आला की दोन रूपं होतात. ‘सूर्या’मध्ये रफार, ‘सुऱ्या’मध्ये आडवा र. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यात गुरुजी आणि स्वयंपाकी एवढा फरक आहे. हिंदीला याची गरज नाही, त्यामुळे ‘र’ आणि हलन्त टाइप केला की सॉफ्टवेअर सरळ रफार काढतं. आडवा र हवा असेल तर तसं वेगळं सांगावं लागतं, आणि ते सांगायच्या दोन रीती आहेत. एक, ‘र’, हलन्त आणि त्यापुढे `200D` हे अदृश्य जोडचिन्ह. दोन, ‘र’ऐवजी ‘ऱ’ म्हणजे `0931`, मग हलन्त, मग ‘य’. दोन्हीकडून कागदावर तेच रूप उमटतं.

पहिल्या रीतीतलं ते अदृश्य चिन्ह मात्र नाजूक आहे. मजकूर ऑनलाइन फॉर्ममधून गेला, कुणी ‘फालतू अदृश्य अक्षरं’ साफ करणारा मॅक्रो चालवला, की ते चिन्ह निघून जातं. काहीच गळल्याचं दिसत नाही, फक्त ‘करणार्‍या’चं ‘करणार्या’ होतं, ‘दुसर्‍या’चं ‘दुसर्या’, ‘कर्‍हाड’चं ‘कर्हाड’. प्रूफ तपासणारा म्हणतो, टाइप करणाऱ्याला एवढंही येत नाही. ताईंच्या मूळ फाइलमधला शब्द नोटपॅडमध्ये घेऊन पुन्हा बॅकस्पेसचा प्रयोग करा. ‘या’ खोडून झाल्यावर एक बॅकस्पेस फुकट गेल्यासारखी वाटली, अक्षर न जाता नुसतं आडव्या र चं रूप बदललं, तर तिथे ते अदृश्य चिन्ह होतं. म्हणजे ताईंनी बरोबर टाइप केलं आणि वाटेत गळलं. मुळातच रफार असेल तर ताईंना ती कळ माहीत नसावी. इन्स्क्रिप्ट कळफलकावर `Shift` धरून `J` दाबलं की ‘ऱ’ मिळतो, मग `D` आणि `/`. एकदा दाखवलं की विसरत नाहीत.

दुरुस्ती कोणत्या फाइलवर करता याला फार महत्त्व आहे. मूळ फाइलमध्ये अदृश्य चिन्ह शाबूत असेल तर ‘र्’ आणि ते चिन्ह शोधून सगळीकडे ‘ऱ्’ घाला, एका मिनिटाचं काम आहे आणि पुढे कुठेही गळणार नाही. पण चिन्ह गळून गेलेल्या फाइलवर सगळे ‘र्य’ बदलायला जाऊ नका. ‘पर्याय’, ‘मर्यादा’, ‘कार्यक्रम’, ‘आर्या’ या सगळ्यांचा बळी जाईल. तिथे शब्दांचे गट करून बदलावं लागतं. मी आधी ‘णार्य’चं ‘णाऱ्य’ करतो, त्यात ‘करणाऱ्या, येणाऱ्यांना, राहणाऱ्या’ असा मोठा घास निघतो. मग ‘दुसर्य’, ‘तिसर्य’, ‘बर्या’, ‘सार्या’, ‘पुढार्य’, ‘कर्मचार्य’. मग ‘र्ह’ एकेक पाहून, कारण ‘वऱ्हाड’, ‘तऱ्हा’, ‘कऱ्हाड’ यांच्यासोबत ‘गर्हणीय’ आणि ‘अर्हता’ही असतात. तुमच्या सोसायटीत कुणाचं नाव सूर्या किंवा आडनाव आर्य असेल तर जाहिरातींची पानं डोळ्यांनीच पाहा.

एवढं झालं की ‘आशिर्वाद’. यात रफार ‘वा’वर जिथल्या तिथे आहे, वेलांटीही ‘श’लाच आहे, वर्तुळ नाही, काही सरकलेलं नाही. आठही नग अगदी क्रमाने साठवलेले आहेत. फक्त वेलांटी ऱ्हस्व आहे आणि ती दीर्घ हवी: आशीर्वाद. ही माणसाची चूक. पण हा शब्द बहुतेक अध्यक्षांच्या मनोगतात असेल आणि ताईंनी हस्तलिखितात होता तसा टाइप केला असेल. हस्तलिखित काढून बघा, आणि लाल पेन वापरायचंच असेल तर तिथे वापरा.